इसबगोल आणि अगर अगर एकमेकांच्या जागी चालतात का? (ग्लुटेन नसलेला ब्रेड बसला)

गव्हाविना
घरी मुलीला ग्लुटेन बंद आहे त्यामुळे ब्रेड घरीच करते. सायलियम हस्क म्हणजे आपला इसबगोल संपला होता, आणि एका याद्यांच्या पानावर "बाइंडर नसेल तर तेवढ्याच वजनाची अगर अगर पावडर घाला, दोन्ही वनस्पतीजन्य, दोन्ही जेल करतात" असं लिहिलेलं सापडलं. तसं केलं. पिठात पावडर मिसळली, यीस्टचं कोमट पाणी घातलं, तर गोळा असा झालाच नाही, ओल्या वाळूसारखं काहीतरी झालं, बोटाने दाबलं की चिरतंय. तरीही टिनमध्ये भरून तासभर ठेवलं, जरा वर आलं, वरून भेगा पडल्या आणि ओव्हनमधून काढलं तेव्हा वीट. मला फक्त हा ब्रेड का फसला एवढंच नकोय, या दोन गोष्टी नेमक्या कुठे सारख्या आहेत आणि कुठे नाहीत ते समजून घ्यायचंय, कारण दोन्ही डबे घरात असतात आणि प्रत्येक वेळी अंदाजानेच वापरते.

सुधन्वा७
कारण सोपं आहे, अगर ८५ अंशाच्या आसपास वितळतं. ओव्हन २०० च्या वर. ब्रेडला आधार देणारी गोष्टच आत वितळून पाणी झाली मग ब्रेड बसणारच. इसबगोल वितळत नाही म्हणून तो चालतो. बाकी दोन्हीत काही फरक नाही, दोन्ही पाणी धरून ठेवणारे फायबरच.

नाना_जोशात
मी इसबगोल बरीच वर्षं रात्री झोपताना पाण्यातून घेतो, पोटाला उत्तम. ब्रेडमधून तेवढाच मिळत असेल तर रात्रीचा बंद करावा का? आणि अगरनेही पोट साफ होतं का, कोणी सांगेल का?

मंद_आच
नाना, तुमच्याकडे शेवटी येते, प्रश्न वेगळा आहे पण महत्त्वाचा आहे.

सुधन्वा, ८५ चा आकडा बरोबर आहे पण या ब्रेडच्या बाबतीत ते कारण नाही. नीट बघा, गव्हाविना यांनी पावडर कोरड्या पिठात घातली आणि वर कोमट पाणी. अगर कोमट पाण्यात विरघळतच नाही. थोडी फुगते एवढंच. तिला उकळी लागते, आणि उकळी आल्यावरही दोनेक मिनिटं हलवत ठेवावं लागतं. म्हणजे मळताना आणि फुगवताना त्या पिठात बाइंडर असा नव्हताच, नुसते कण होते. त्यांनी जे लिहिलंय ना, दाबलं की चिरतंय, ती त्याचीच खूण. जेल वितळलं नाही, जेल झालंच नव्हतं.

आणि ओव्हनमध्ये ब्रेडच्या मधल्या भागाचं तापमान ८५ च्या वर जातं ते पार शेवटी. तोवर पिठातला स्टार्च फुलून पक्का होऊन बसलेला असतो, ते काम साधारण ६० ते ८० च्या दरम्यान उरकतं. त्यामुळे शेवटी थोडी अगर विरघळली असली तरी त्याने काही बिघडत नाही नि सुधारतही नाही, गॅस केव्हाच भेगांतून निघून गेलेला. ब्रेड बसला तो ओव्हनमध्ये नाही, टिनमध्ये ठेवला तेव्हाच.

सुधन्वा७
पण मग अगर आधी उकळून, जेल करून, ते पिठात मळलं असतं तर? मग माझाच मुद्दा लागू होतो की.

गव्हाविना
हो हाच माझाही पुढचा प्रश्न होता. उकळून घेतलं असतं तर जमलं असतं का?

मंद_आच
नाही, आणि इथेच खरा फरक आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अगर उकळून विरघळवलं की ते पाण्यासारखं पातळ असतं. ते थंड होत होत साधारण ३५ ते ४० अंशाच्या मध्ये कुठेतरी अचानक घट्ट बसतं, आणि एकदा बसलं की परत पातळ व्हायला त्याला ८५ च्या आसपास नेऊन तापवावं लागतं. बसायचं तापमान एक आणि सुटायचं वेगळंच, मध्ये एवढं अंतर. आता ब्रेडचा विचार करा. गरमगरम अगरचं पाणी पिठात ओतलं तर यीस्ट मरेल, ५५-६० च्या पुढे ते टिकत नाही. यीस्ट सांभाळायला चाळिशीपर्यंत थंड केलं तर भांड्यातच ते बसायला लागतं. आणि बसलेलं जेल मळलं तर त्याचे तुकडे होतात, ते तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत. अगरचं जेल कडक असतं, ताणलं की तुटतं. ब्रेडला हवा असतो ताणला जाणारा पडदा, यीस्टचा गॅस आत फुगत असताना हळूहळू लांबणारा. आणि हे सगळं घडतं ३० अंशाच्या आसपास, म्हणजे नेमकं जिथे अगर सगळ्यात हट्टी असतं तिथे.

इसबगोलाचं उलटं आहे. त्याला उष्णता लागतच नाही. बियांच्या वरच्या सालीत जो चिकट पदार्थ असतो तो गार पाण्यात फुगतो, काही मिनिटांत बुळबुळीत दाट जेल होतं, ते ताणलं की लांबतं, तुटलं तरी पुन्हा दाबलं की एकजीव होतं. ओव्हनमध्ये ते वितळून वाहून जात नाही, स्टार्च पक्का होईपर्यंत बुडबुडे धरून ठेवतं. ग्लुटेन जे करतं त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं काम तेच करतं, म्हणून ते ब्रेडमध्ये.

थोडक्यात, अगर आकार देतं, इसबगोल धरून ठेवतो. सुधन्वा, तुम्ही म्हणालात बाकी फरक नाही, तर सगळा फरक या "बाकी"तच आहे.

पेट्री_डिश
मंद_आच यांनी लिहिलेलं ते बसायचं आणि सुटायचं अंतर, त्याच्यावर आमचा अख्खा विषय उभा आहे. मायक्रोबायोलॉजीत प्लेट ओततो त्या याच अगरच्या, साधारण दीड टक्का. आधी जिलेटिनवर जंतू वाढवायचे, पण ते ३७ अंशाला वितळतं आणि वर काही जंतू ते खाऊनच टाकतात. १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी नवऱ्याला, म्हणजे वाल्थर हेसे यांना, स्वयंपाकातलं अगर वापरून बघा असं सुचवलं, ते तेव्हा रॉबर्ट कॉख यांच्या लॅबमध्ये काम करत होते. उकळून ओतायचं, चाळिशीच्या खाली बसतं, आणि मग ३७ ला दिवसभर ठेवा नाहीतर ६० ला ठेवा, घट्टच राहतं.

लॅबमधली एक सवय स्वयंपाकातही कामाची आहे. अगर विरघळलं की नाही ते वरून बघून कळत नाही, उकळी आली म्हणून लोक थांबतात. चमचा बुडवून उजेडात धरा, चमच्यावर बारीक पारदर्शक ठिपके दिसले तर अजून विरघळलेलं नाही. ते कण तसेच राहिले तर जेल मऊ बसतं आणि माणूस म्हणतो पावडर खराब आहे.

खारा_वारा
माझी केस सांगते, कारण मी उलट्या बाजूने अडकले. फळांच्या रसाची जेली करायची होती, अगर नव्हतं, इसबगोल घातला. चव ठीक होती पण ते जेली नाहीच, चमच्याने उचललं की तार धरतं, कापता येत नाही, रंगही गढूळ. मग वाटलं कमी पडलं म्हणून अजून घातलं, तर आणखी दाट लापशी झाली पण सुरीने कापण्याइतकं काही केल्या होत नाही. म्हणजे मंद_आच म्हणतात ते बरोबर उलट दिशेनेही लागू आहे.

दुसरं म्हणजे अगरची जेली केली तेव्हा दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी सुटलं होतं, आणि उरलेली फ्रीझरमध्ये टाकली ती काढल्यावर स्पंजसारखी, दाबली की सगळं पाणी बाहेर. हे कशामुळे?

मंद_आच
खारा_वारा, पाणी सुटणं हा अगरचा स्वभावच आहे, त्याची जाळी बसल्यावरही हळूहळू आवळत जाते आणि पाणी बाहेर ढकलते. कमी प्रमाणात घातलेलं, कापलेलं, किंवा बरेच दिवस ठेवलेलं जेल जास्त सोडतं. साखर असेल तर कमी सुटतं. लोकस्ट बीन गम मिळत असेल तर थोडं अगर कमी करून तेवढा तो घालतात, जेल लवचिक होतं आणि पाणीही कमी सोडतं. फ्रीझरला मात्र उपाय नाही, बर्फाचे स्फटिक जाळी फाडतात. अगर मुळात असंच बनवतात, शेवाळ उकळून काढलेलं जेल गोठवायचं, वितळू द्यायचं, पाणी निघून जातं आणि अगर मागे राहतं. तुमच्या फ्रीझरमध्ये तेच झालं. याउलट इसबगोलाचा ब्रेड स्लाइस करून फ्रीझ करा, काही होत नाही.

जेलीचं एक उदाहरण पूर्ण लिहिते म्हणजे आकडे हाताशी राहतील. अर्धा लीटर जेली हवी असेल तर ४ ग्रॅम अगर पावडर, म्हणजे ०.८ टक्के. सुरीने कापता येईल पण दाताखाली रबर वाटणार नाही असं बसतं. १ टक्क्याच्या पुढे कडक व्हायला लागतं. ही ४ ग्रॅम पावडर २०० मिली गार पाण्यात भुरभुरून, ढवळून पाच मिनिटं तशीच ठेवायची, मग गॅसवर ठेवून सतत हलवत उकळी आणायची आणि मंद आचेवर २-३ मिनिटं उकळू द्यायची. पेट्री_डिश म्हणाले तसं चमच्यावर ठिपके बघायचे. मग साखर. आणि सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, ३०० मिली रस.

रस शेवटी का, तर आंबट असेल तर. अगर आंबट पाण्यात उकळत ठेवलं तर त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि जेल बसतच नाही किंवा अगदी लिबलिबीत बसतं. लिंबाचा किंवा संत्र्याचा रस घालून दहा मिनिटं उकळवत बसलं की हे हमखास होतं. एकदा विरघळून झाल्यावर आंबट घातलं तर त्रास नाही.

आणि रस फ्रिजमधून काढून तसाच ओतायचा नाही! तो गार असला की ओतताक्षणी अगर तिथल्या तिथे बसतं, भांड्यात तंतू नि गुठळ्या. रस कोमट करून घ्यायचा, मिश्रण ५० च्या वर राहील इतपत. मग साच्यात.

बसलं की नाही ते साच्यात ओतायच्या आधीच बघता येतं, चमचाभर गार ताटलीवर टाका, दोन मिनिटांत कळतं. मऊ वाटलं तर भांडं परत गॅसवर ठेवून थोडं अगर वेगळ्या पाण्यात उकळून मिसळायचं, घट्ट झालं तर गरम रस वाढवायचा. अगरची ही मोठी सोय आहे, चुकलं तर वितळवून परत बसवता येतं. इसबगोल एकदा फुगला की मागे जाता येत नाही, फक्त पाणी वाढवता येतं.

अननस_प्रेमी
यात अननस किंवा पपई चालते का? मी ऐकलंय की त्याने जेली बसत नाही.

पेट्री_डिश
ते जिलेटिनचं. कच्च्या अननस-पपईतली एन्झाइम्स प्रोटीन तोडतात आणि जिलेटिन प्रोटीन आहे. अगर प्रोटीन नाहीच, त्यामुळे कच्चा अननस खुशाल घाला. अननस आंबट आहे तेवढं मात्र सांभाळा, वर मंद_आच यांनी लिहिलंय तसं शेवटी.

गव्हाविना
आता चित्र स्पष्ट होतंय. मग ब्रेडसाठी इसबगोलाचं तसंच पूर्ण उदाहरण कोणी देईल का, ग्रॅममध्ये? माझा ब्रेड इसबगोलानेही कधी छान येतो कधी आतून चिकट, कापला की सुरीला लागतो. आणि माझ्याकडे दोन प्रकार आहेत, एक सालीच्या पातळ पापुद्र्यांचा, एक बारीक पावडर.

सुधन्वा७
दोन्ही एकच, पावडर म्हणजे तीच साल दळलेली. एक चमच्याला एक चमचा वापरा.

मंद_आच
वस्तू एकच, पण चमच्याला चमचा नाही! पापुद्रे हलके असतात, चमच्यात हवाच जास्त, पावडर घट्ट बसते. तोच चमचा पावडरचा घेतला की वजनाने बराच जास्त जातो, आणि तुमचा ब्रेड कधी छान कधी चिकट यातलं एक कारण बहुधा हेच. शिवाय पावडर पाणी पटकन ओढते. वजन करून घ्या, आणि पावडर असेल तर पापुद्र्यांच्या वजनापेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी.

माझं नेहमीचं प्रमाण असं. एकूण पीठ ३०० ग्रॅम, त्यात १२० ग्रॅम ज्वारी किंवा बकव्हीट, ९० ग्रॅम तांदूळ, ९० ग्रॅम टॅपिओका स्टार्च. इसबगोल पापुद्र्यांचा १८ ग्रॅम, पावडर असेल तर १५. पाणी एकूण ३४० ग्रॅम. कोरडं यीस्ट ५, साखर १०, मीठ ६, तेल १५ ग्रॅम. पिठापेक्षा पाणी जास्त बघून लोक घाबरतात आणि कमी करतात, करू नका, इसबगोल ते पिऊन टाकतो.

यातलं २०० ग्रॅम पाणी वाडग्यात घ्या, पाणी ढवळत असताना वरून इसबगोल भुरभुरा. उलटं केलं, म्हणजे इसबगोलावर पाणी ओतलं, की वर लगेच जेलची साल धरते आणि आत कोरडी गुठळी अडकते, ती नंतर ब्रेडमध्ये दाताखाली येते. दोन-तीन मिनिटांत जेल होतं. ते फार वेळ ठेवू नका, खूप घट्ट झालं की पिठात मिसळायला त्रास होतो. उरलेल्या १४० ग्रॅम कोमट पाण्यात साखर नि यीस्ट, फेस आला की तेल, हे पाणी आणि जेल दोन्ही पीठ-मिठात घालून मळा. सुरुवातीला चिकट लगदाच वाटतो, पाच-सात मिनिटं मळत राहिलं की भांडं सोडायला लागतो. चिमटीत धरून ओढून बघा, गव्हाच्या कणकेइतका नाही पण लांबायला हवा. नुसता तुटत असेल तर पाणी कमी पडलंय किंवा जेल नीट मिसळलेलं नाही.

टिनमध्ये भरून एकदाच फुगवायचं, दुपटीच्या जरा आत असतानाच ओव्हनमध्ये. जास्त फुगू दिलं की वरच्या कवचाखाली मोठी पोकळी राहते.

आता चिकटपणा. बहुतेक वेळा तो कच्चेपणाच असतो. या ब्रेडमध्ये पाणी एवढं आहे की वरून खरपूस दिसला तरी आत ओला असतो. २२० अंशाला तास-सव्वा तास लागतो, वरून करपायला लागला तर फॉइल. माझ्याकडे दोन कसोट्या आहेत. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९७-९८ अंश. आणि दुसरी वजनाची, ती मला जास्त विश्वासाची वाटते. वरचं सगळं मिळून कच्चा गोळा ६९४ ग्रॅम होतो, भाजल्यावर तो १४ टक्क्यांच्या आसपास हलका व्हायला हवा, म्हणजे ६०० ग्रॅमच्या जवळ. ६४० भरला तर रंग कितीही सुंदर असो, परत आत टाका. आणि पूर्ण गार होईपर्यंत कापायचा नाही, स्टार्च आणि इसबगोलाचं जेल दोन्ही गार होतानाच नीट बसतात. गरम कापला की तो चिकटच लागणार, ब्रेड चांगला झालेला असला तरी.

गव्हाविना
वजनाची कसोटी मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती, आता हीच करणार. आणि गरम कापायची घाई घरातल्या सगळ्यांनाच असते, ते थांबवते.

पापुद्रा
माझा ब्रेड इसबगोलाने जांभळट-करडा होतो, कोणाचा होतो का? खराब झालाय की काय म्हणून एक अख्खा टाकून दिला.

खारा_वारा
माझाही व्हायचा. ब्रँड बदलला आणि गेला. चवीत काही फरक नव्हता, आम्ही खाल्लेला.

सुधन्वा७
माझ्या मते पावडरने होतो आणि पापुद्र्याने नाही.

पापुद्रा
नाही हो, माझा तर पापुद्र्यांचाच आहे.

मंद_आच
माझ्याकडे पावडरने जास्त वेळा झालाय, पण पापुद्रा यांचं उदाहरण त्याच्या उलट आहे, त्यामुळे मी पावडरला दोष देणार नाही. बॅच बदलली तरी रंग बदलतो एवढं मी बघितलंय. टाकून देऊ नका मात्र, वास आणि चव ठीक असेल तर तो खायला चालतो.

नाना_जोशात
माझं राहिलंच.

मंद_आच
हो नाना. वरच्या ब्रेडचे १२ स्लाइस केले तर एका स्लाइसमध्ये दीड ग्रॅम इसबगोल येतो. दोन स्लाइस खाल्ले तर ३ ग्रॅम. तुमच्या रात्रीच्या चमच्याशी तुलना तुम्ही वजन करूनच करा. पण ब्रेडमधला आधीच पाणी पिऊन फुगलेला असतो, तुमचा कोरडा असतो, म्हणून तो नेहमी भरपूर पाण्यातून, निदान एक मोठा ग्लास, आणि घशात अडकेल असा कोरडा कधीच नाही. गिळायला त्रास होत असेल तर घेऊच नये. औषधं चालू असतील तर ती आणि इसबगोल यात दोनेक तासांचं अंतर ठेवा, तो औषधाचं शोषण कमी करू शकतो. बंद करायचा की नाही ते मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी सांगणार नाही.

अगरही न पचणारं फायबरच आहे, पण जेलीत ते एक टक्क्याच्या आत असतं. वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम जेलीत सव्वा ग्रॅमच्या आत. त्यासाठी जेली खाऊ नका.

नाना_जोशात
गोळ्या आणि इसबगोल मी एकाच वेळी घेत होतो. आजपासून वेगळे करतो. धन्यवाद.

पेट्री_डिश
गव्हाविना, मुलीचा सीलिअॅक असेल तर एक गोष्ट, दोन्ही वस्तू मुळात ग्लुटेनमुक्त आहेत पण पॅकिंग कुठे झालंय त्याप्रमाणे गव्हाचं पीठ मिसळू शकतं, पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलंच घ्या. आणि पावडर डब्यातून काढताना उडवू नका, इसबगोलाची धूळ नाकात जाऊन काही लोकांना ॲलर्जी होते.

खारा_वारा
माझा शेवटचा प्रश्न, दोन्ही एकत्र वापरायची जागा आहे का? मला कटलेटसारखी डाळींची पॅटी करायचीय, अंडं नाही. इसबगोलाने ती जुळते पण आतून जरा चिकट लागते. थोडं अगर घातलं तर चिकटपणा कमी होईल असं वाटतं.

सुधन्वा७
पॅटी तव्यावर ८५ च्या वर जाते, मग अगर वितळणार. आता तरी माझा मुद्दा लागू आहे ना?

मंद_आच
हो सुधन्वा, इथे लागू आहे. तव्यावर असताना अगरचा आधार मिळणार नाही, तेव्हा पॅटी एकत्र ठेवायचं काम इसबगोलालाच करावं लागेल. पण ताटात येईपर्यंत पॅटी थंड होते, आणि चाळिशीच्या खाली आली की अगर परत बसतं. म्हणजे गरम खाणार असाल तर अगरचा उपयोग नाही, गार डब्यात नेणार असाल तर घट्टपणा येईल. तरी अगर आधी थोड्या पाण्यात उकळून गरम असतानाच शिजलेल्या डाळीत मिसळायला हवं, पावडर भुरभुरली तर पुन्हा ब्रेडसारखंच, नुसते कण.

मी मात्र आधी इसबगोल कमी करून बघेन. ५०० ग्रॅम शिजलेल्या डाळीला ८ ग्रॅमच्या वर नको, आणि मिसळून १५ मिनिटं ठेवून मग आकार द्या, लगेच हात लावला की सैल वाटतं आणि आपण आणखी घालत जातो. तुम्ही किती घालता?

खारा_वारा
चमच्याने घालते, दोन मोठे, पावडरचे. वजन केलेलं नाही.

मंद_आच
मग आधी ते दोन चमचे तराजूवर ठेवा आणि आकडा इथे लिहा. अगरचं त्यानंतर बघू.

खारा_वारा
तराजू काढला. दोन चमचे भरले १९ ग्रॅम, आणि डाळ साधारण ४०० ग्रॅमच असते माझी. उद्या ६ ग्रॅमने करते, अर्ध्या पॅटीत उकळलेलं अगर आणि अर्ध्यात नाही, गरम नि गार दोन्ही खाऊन लिहिते.